भूकंपाच्या रात्रीचा जन्म: मूलांक २ धरावा की ३?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. अंकज्योतिष खरे की थोतांड, हा वाद घालण्यासाठी हा धागा काढलेला नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की मूलांक आणि भाग्यांक काढताना जन्माची नेमकी कोणती तारीख धरतात, आणि ती कोणी ठरवायची.

आमचे गाव लोहारा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. माझ्या धाकट्या भावाचा जन्म १९९३ च्या भूकंपाच्या रात्री झाला. आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी २९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी होती. गावात गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आईला त्या वेळी माळवदाच्या घरात न ठेवता गोठ्यालगतच्या पत्र्याच्या सपरात ठेवले होते, म्हणून ती आणि बाळ दोघेही वाचले. घर मात्र पूर्ण बसले. पुढे कित्येक महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो आणि त्या गडबडीत जन्माची नोंद कुठेच झाली नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून १९९३ ही तारीख लिहिली आणि आज आधारपासून सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे तीच चालते.

आता भावाची सोयरीक जमत आली आहे. मुलीकडचे पाहुणे पत्रिका मागत नाहीत, पण अंक जुळवून पाहतात. त्यांनी दाखल्यावरची तारीख घेतली तेव्हा मूलांक १ आणि भाग्यांक २ आला. त्यांच्या अंकशास्त्रींनी "उत्तम" असे सांगितले. आमच्या वडिलांना मात्र खोटी तारीख देऊन सोयरीक करणे पटेना, म्हणून त्यांनी खरी हकिकत सांगितली. मग ३० सप्टेंबर धरून मूलांक ३ आणि भाग्यांक ७ आला आणि पाहुणे विचारात पडले. आम्ही लातूरच्या एका अंकशास्त्रींना विचारले, तर ते म्हणाले की जन्म सूर्योदयापूर्वीचा असल्याने २९ तारीखच धरली पाहिजे, म्हणजे मूलांक २ आणि भाग्यांक ६. एका माणसाचे तीन मूलांक आणि तीन भाग्यांक झाले. मुलीची जन्मतारीख १४ फेब्रुवारी १९९६ आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

जालन्याची

तेरणाकाठ, लातूरच्या अंकशास्त्रींनी जे सांगितले तेच बरोबर आहे. मी दोन वर्षांपूर्वी अंकशास्त्राचा वर्ग केला होता. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि मध्यरात्रीला तारीख बदलणे ही इंग्रजांची पद्धत आहे. त्यामुळे रात्री बारा ते सूर्योदय या वेळेत जन्मलेल्यांनी आदल्या दिवसाची तारीख घ्यावी, असे आम्हाला शिकवले गेले. लातूरकडे सप्टेंबरअखेरीस सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो, तेव्हा आपल्या भावाचा जन्म निर्विवाद २९ चा आहे. २ आणि ९ मिळून ११, आणि १ आणि १ मिळून २. अंक २ हा चंद्राचा, म्हणून मुलगा हळवा आणि आईवर जीव असणारा असणार. भाग्यांक मात्र मला वेगळा येतो. २९-९-९३ ची बेरीज २, ९, ९, ९ आणि ३ मिळून ३२, म्हणजे ५ होते. अंक ५ बुधाचा आणि मुलीचा मूलांकही १४ वरून ५ च आहे, तेव्हा जोडा उत्तम आहे. पाहुण्यांना हे दाखवा.

दुधना

जालन्याची ताई, भाग्यांकात आपण शतक सोडले आहे. वर्ष ९३ नाही, १९९३ आहे. १ आणि ९ मिळून १०, त्याचा १ झाला, म्हणून आपला भाग्यांक एका घराने मागे राहिला. पूर्ण तारखेची बेरीज २, ९, ९, १, ९, ९ आणि ३ मिळून ४२ होते आणि ४२ चे ६. लातूरच्या गृहस्थांची बेरीज बरोबर आहे. ही चूक फार वेळा होते, कारण आपण तारीख लिहिताना वर्षाचे दोनच अंक लिहितो. एकोणीसशेमध्ये जन्मलेल्याचा भाग्यांक त्यामुळे नेहमी एकाने कमी येतो आणि दोन हजारनंतर जन्मलेल्याचा दोनाने कमी येतो. कमी होता होता १ च्या खाली गेला, तर तो ९ वर किंवा ८ वर जाऊन बसतो.

मी शाळेत गणित शिकवतो, ज्योतिषातले मला काही कळत नाही. पण पडताळा घेण्याची एक सोपी युक्ती सांगतो. बेरजेत ९ मिळवला तरी शेवटचा एक अंक बदलत नाही, म्हणून तारखेतले सगळे ९ खुशाल खोडून टाकावेत. २९-९-१९९३ मधून नऊ खोडले की २, १ आणि ३ उरतात, त्यांचे ६. ३०-९-१९९३ मधून ३, १ आणि ३ उरतात, त्यांचे ७. पाटीवर दोन रेघांत होणारे हे काम आहे.

बीडची_माहेरवाशीण

माझ्या भाच्याचाही जन्म मूळावरचा आहे आणि आम्ही त्याची शांत करून घेतली होती. आपल्या भावाची मूळशांत झाली होती का? झाली नसेल, तर लग्नाआधी करून घ्यावी. सासऱ्यांना त्रास होतो असे म्हणतात, म्हणून पाहुणे कचरत असतील.

गोदाकाठ

बीडच्या ताई, येथे प्रश्न मूलांकाचा आहे, मूळ नक्षत्राचा नाही. शब्द जवळचे आहेत, म्हणून घोटाळा होणे स्वाभाविक आहे. मूळ नक्षत्र धनु राशीत येते. भाद्रपदाच्या पौर्णिमेच्या सुमारास चंद्र भाद्रपदा नक्षत्रांच्या आसपास असतो, म्हणून तर महिन्याला ते नाव पडले. त्या रात्री मूळ असण्याचा प्रश्नच येत नाही, तेव्हा शांतीची काळजी सोडावी.

आता मूळ विषयाकडे येतो. मी नांदेडला पंचांग पाहून पत्रिका करतो. अंकांचे काम माझे नव्हे, पण लोक दोन्ही घेऊन येतात, म्हणून त्याचीही माहिती ठेवावी लागते. जालन्याच्या ताईंचे अर्धे बरोबर आहे. सूर्योदयाला दिवस बदलतो हा नियम खरा आहे, पण तो वाराचा नियम आहे. गुरुवारच्या पहाटे चारला जन्मलेले मूल पत्रिकेत बुधवारचेच लिहिले जाते आणि मीही तसेच लिहितो. तिथीला मात्र हा नियम लागू नाही. तिथी दिवसा-रात्री केव्हाही संपते, आणि सूर्योदयाला जी चालू असेल तिच्या नावाने तो दिवस ओळखला जातो एवढेच. म्हणूनच भावाच्या जन्माच्या क्षणी कोणती तिथी चालू होती, हे जुने पंचांग उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. "अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा" एवढ्यावरून १४ घेऊन ५ काढू नये.

पण मूलांक ज्या तारखेवरून काढतात ती ना वार आहे ना तिथी. ती इंग्रजी तारीख आहे आणि इंग्रजी तारीख मध्यरात्रीला बदलते. ज्या मोजणीचा अंक घ्यायचा, त्याच मोजणीचा दिवसारंभ घेतला पाहिजे, असे माझे मत आहे. महिना सप्टेंबर, वर्ष १९९३ आणि दिवसाचा आरंभ तेवढा सूर्योदयाचा, हे म्हणजे कापूस मणाने मोजून भाव किलोने सांगण्यासारखे होते. आपल्याच मोजणीने जायचे असेल, तर मग पूर्ण जावे. भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून शकाची आहे आणि तिच्याप्रमाणे ३० सप्टेंबर १९९३ हा ८ आश्विन १९१५ होतो. मूलांक ८, म्हणजे शनी. आश्विन सातवा महिना, म्हणून ८, ७ आणि १९१५ चे १६ मिळून ३१, म्हणजे भाग्यांक ४, राहू. पाहुण्यांना हे सांगितले तर ते उंबऱ्यावरूनच परत जातील! पण त्याच रात्री जन्मलेला तोच मुलगा आहे.

जालन्याची

दुधना सर, शतकाची चूक मान्य आहे. वर्गात आम्हाला फळ्यावर वर्षाचे दोनच अंक लिहून दाखवले होते, आता वही काढून सगळ्या घराचे भाग्यांक पुन्हा करावे लागतील.

गोदाकाठ काका, आपला आदर ठेवून म्हणते की सूर्योदयाचा नियम आमच्या वर्गात शिकवला जात होता आणि तो पाळणारे पुष्कळ लोक आहेत. इंग्रजी तारीख आता आपलीच झाली आहे. मग तिला आपला सूर्योदय लावला तर बिघडले कुठे?

गोदाकाठ

ताई, पाळणारे आहेत, हे मी नाकारत नाही. न पाळणारेही तितकेच सापडतील. ज्योतिषाच्या ज्या ग्रंथांवर आम्ही काम करतो, त्यांत इंग्रजी तारखेवरून मूलांक काढण्याचा विधी नाही, त्यामुळे या वादात वचन काढून दाखवण्याची सोय दोन्ही पक्षांना नाही. राशी, भाव आणि दशा यांचा पसारा जुना आहे. पण १ सूर्य, २ चंद्र, ३ गुरू, ४ राहू, ५ बुध, ६ शुक्र, ७ केतू, ८ शनी, ९ मंगळ ही जी वाटणी आज घरोघरी माहीत आहे, ती वारांच्या क्रमाने जात नाही आणि विंशोत्तरीच्या क्रमानेही जात नाही. वारांच्या क्रमाने मंगळ तिसरा आला असता, येथे तो नववा आहे.

पाहुण्यांना ७ च्या केतूची भीती वाटत असेल, तर हेही सांगून पाहावे. किरो या नावाने प्रसिद्ध असलेल्या आयरिश भविष्यवेत्त्याने ४ हा युरेनसला आणि ७ हा नेपच्यूनला दिला आहे. आपल्याकडे त्या दोन जागी राहू आणि केतू बसतात. नेपच्यून दुर्बिणीतून सापडला तो १८४६ मध्ये. म्हणजे सातावर एकाच्या वहीत नेपच्यून आहे आणि दुसऱ्याच्या वहीत केतू. स्वभाव मात्र दोघेही साधारण एकच सांगतात, एकांतप्रिय आणि गूढाकडे ओढ असणारा.

निवृत्त_गुरुजी

मी परभणी जिल्ह्यात सदतीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो आणि त्यांतली शेवटची काही वर्षे मुख्याध्यापक. तेरणाकाठ यांच्या भावाची १ जून तारीख कोणी आणि का लिहिली असेल, हे मला डोळ्यांसमोर दिसते, कारण असे शेकडो सूर्य मी स्वतः घडवले आहेत. सप्टेंबर १९९३ चे मूल जून १९९९ मध्ये पावणेसहा वर्षांचे होते. पहिलीत घालायचे तर सहा पूर्ण दिसले पाहिजेत, म्हणून गुरुजींनी तारीख चार महिने मागे नेली आणि १ जून लिहिली. त्या दिवशी मूल बरोबर सहा वर्षांचे होते. पालकांना विचारले तर ते सांगायचे, "पोळ्याच्या पुढं-मागं झालं बघा" किंवा "मोठ्या दुष्काळाच्या साली." त्यावरून तारीख काय लिहायची? माझ्या वडिलांच्या जुन्या कागदावर तर निजामाच्या राज्यातले फसली साल आहे, ज्यात सुमारे ५९० मिळवल्यावर इसवी साल मिळते.

आमच्या जिल्ह्यात दर वर्षी ३१ मे रोजी शिक्षकांचे निरोप समारंभ एकदमच असतात, कारण १ जूनला जन्मलेला सरकारी नोकर ३१ मे रोजी निवृत्त होतो. ते सगळे कागदोपत्री मूलांक १ चे, सूर्याचे. त्यांत नेतृत्वगुण असणारे होते आणि हाजिरीपटावर सही करून झाडाखाली झोपणारेही होते. माझीही तारीख १ जूनच आहे, खरी कोणती ते आई सांगू शकत नव्हती. तेव्हा माझा प्रश्न असा आहे की ज्यांची खरी तारीख कोणालाच ठाऊक नाही, त्यांना मूलांक आहे की नाही?

जालन्याची

गुरुजी, आमच्या वर्गात सांगत की जी तारीख माणूस आयुष्यभर लिहितो तिचाही प्रभाव पडतो. खऱ्या तारखेचा स्वभावावर आणि कागदाच्या तारखेचा व्यवहारावर.

दुधना

ताई, दोन्ही तारखा लागू पडतात असे म्हटले, तर कोणतेच भाकीत चुकू शकणार नाही. स्वभाव जुळला नाही तर दुसरी तारीख पुढे करता येते. असो, हा धागा त्यासाठी नाही हे तेरणाकाठ यांनी आधीच बजावले आहे.

मला वेगळीच गोष्ट दिसली, ती लिहितो. मुलीची तारीख १४ फेब्रुवारी १९९६. १४ चे ५. महिना २ आणि १९९६ चे २५, म्हणजे ७. ५, २ आणि ७ मिळून १४, पुन्हा ५. तेरणाकाठ, पाहुण्यांनी "आमच्या मुलीचा मूलांक आणि भाग्यांक एकच आहे" असे अभिमानाने सांगितले होते का?

तेरणाकाठ

होय. हे अगदी पहिल्याच बैठकीत सांगितले होते. असा योग फार थोड्यांना असतो आणि अशा माणसाच्या स्वभावाची व नशिबाची दिशा एकच असते, असे त्यांच्या अंकशास्त्रींचे म्हणणे आहे. आपल्याला कसे कळले?

दुधना

त्यात गुपित काही नाही. भाग्यांक म्हणजे मूलांकात महिना आणि वर्ष मिळवून आलेला अंक. फेब्रुवारीचे २ आणि १९९६ चे ७ मिळून ९ होतात, आणि ९ मिळवला तर अंक बदलत नाही, हे मी वर लिहिलेच आहे. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये १ तारखेपासून २९ तारखेपर्यंत जो जो जन्मला, त्या प्रत्येकाचा मूलांक आणि भाग्यांक एकच आहे. हा योग मुलीचा नाही, महिन्याचा आहे. प्रत्येक वर्षात असा एक तरी महिना येतोच, आणि ज्या वर्षाच्या अंकांची बेरीज शेवटी ६, ७ किंवा ८ होते, त्या वर्षी असे दोन महिने येतात. १९९६ ची ७ असल्याने त्या वर्षी नोव्हेंबरही तसाच आहे.

याच हिशेबाने आपल्या भावाकडे पाहा. सप्टेंबरचे ९ काही बदलत नाहीत आणि १९९३ चे २२, म्हणजे ४. त्यामुळे सप्टेंबर १९९३ मध्ये जन्मलेल्या सर्वांचा भाग्यांक त्यांच्या मूलांकाच्या चार घरे पुढे आहे. २ चा ६ होतो, ३ चा ७ होतो. म्हणजे २९ आणि ३० यांतले एक निवडले की मूलांक आणि भाग्यांक दोन्ही एकदमच सरकतात. मूलांक चुकला पण भाग्यांक बरोबर राहिला, असे येथे होऊच शकत नाही. आपला सगळा प्रश्न त्या एका मध्यरात्रीवर अडला आहे.

गोदाकाठ

दुधना सरांनी मुद्दा नेमका पकडला. आता तेरणाकाठ यांना विचारतो की मध्यरात्र उलटली होती, हे आपल्याला कशावरून ठाऊक आहे? आपण लिहिले आहे की जन्म भूकंपाच्या रात्रीचा आहे. घड्याळ कोणी पाहिले होते का?

तेरणाकाठ

सपरात घड्याळ नव्हते. आई म्हणते की भूकंपाच्या आधी एक प्रहर. आमच्या भागात त्या रात्रीच्या सगळ्याच गोष्टी भूकंपाच्या आधी किंवा नंतर अशाच सांगितल्या जातात, कारण ती एकच वेळ सगळ्यांना पक्की माहीत आहे.

गोदाकाठ

प्रहर म्हणजे तीन तास. ३ वाजून ५६ मिनिटांतून तीन तास वजा केले तर १२ वाजून ५६ मिनिटे होतात. मध्यरात्र उलटून तास झालेला नाही. बाळंतिणीने अंदाजाने सांगितलेल्या प्रहरात तासाभराचा फरक सहज असू शकतो. जन्म पावणेबाराचा असेल तर आमचा आणि जालन्याच्या ताईंचा वादच संपतो, कारण मग दोन्ही नियमांनी २९ च येते आणि मूलांक २ ठरतो. जन्म साडेबाराचा असेल तर वाद कायम राहतो.

त्यातही एक बारकावा आहे. घड्याळातली बाराची वेळ ही साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणजे प्रयागराजच्या पूर्वेकडच्या रेषेची. लातूर-किल्लारीचा भाग तिच्या पश्चिमेला जवळपास सहा अंश आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. म्हणजे आपल्या गावची स्थानिक मध्यरात्र घड्याळात १२ वाजून सुमारे २४ मिनिटांनी होते. पत्रिका करताना आम्ही हा फरक धरतो. अंकवाले धरत नाहीत, आणि माझ्या मते त्यांनी धरूही नये, कारण दाखल्यावरची तारीख घड्याळाची असते. पण "आपली पद्धत" म्हणून सूर्योदयाचा आग्रह धरणाऱ्यांना हे विचारून पाहावे.

जालन्याची

काका, एवढा खोल विचार आमच्या वर्गात नव्हता. पण पाहुण्यांना सरळ उत्तर हवे आहे. २ आणि ५ जुळतात का, की ३ आणि ५? आमच्या तक्त्यात २ आणि ५ मित्र आहेत, ३ आणि ५ शत्रू.

गोदाकाठ

आपला तक्ता ग्रहमैत्रीवरून केलेला दिसतो. ग्रहांची नैसर्गिक मैत्री एकतर्फी असू शकते, आणि तक्त्यात ती एका चौकोनात बसवताना ही गोष्ट हरवते. चंद्र बुधाला मित्र मानतो, पण बुध चंद्राला शत्रू मानतो. गुरू बुधाला शत्रू मानतो, पण बुध गुरूला शत्रू मानत नाही, सम मानतो. म्हणजे भावाचा अंक २ धरला तर मुलाच्या बाजूने प्रेम आहे आणि मुलीच्या बाजूने अढी. ३ धरला तर अढी मुलाच्या बाजूने आहे आणि मुलगी तटस्थ. तक्ता करणाऱ्याने कोणाच्या बाजूने पाहिले, त्यावर "मित्र" की "शत्रू" हे ठरते. म्हणूनच दोन वह्यांतले तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि राहू-केतूच्या चौकोनांत तर विचारूच नका.

मूलांक पाहावा की भाग्यांक, यावरही एकमत नाही. काही जण पस्तिशीपर्यंत मूलांक आणि त्यानंतर भाग्यांक प्रबळ मानतात. काही जण विवाहाला फक्त मूलांक पाहतात. पाहुण्यांचे अंकशास्त्री कोणता नियम लावतात, हे आपण आधी विचारून घ्यावे, आणि तोच नियम दोन्ही मुलांना लावायला सांगावे.

निवृत्त_गुरुजी

माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळाले नाही.

गोदाकाठ

गुरुजी, माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. पत्रिकेत नष्टजातक म्हणून एक प्रकार आहे, ज्यात जन्मवेळ हरवलेल्याची पत्रिका प्रश्नावरून करतात. अंकवाल्यांकडे तसे काही असल्याचे मी पाहिलेले नाही.

तेरणाकाठ

सर्वांचे आभार. दोन गोष्टी झाल्या, त्या कळवतो.

पहिली गोष्ट अशी की माझी मावशी त्या रात्री आईजवळ होती. तिला काल फोन लावला. ती म्हणते की बाळ रडले तेव्हा मारुतीच्या देवळापुढे लेझीम चालू होती. आईला मात्र सगळे सामसूम झाल्याचे आठवते. आमच्या गावात त्या वर्षी मिरवणूक किती वाजता संपली, हे सांगू शकणारी माणसे त्या रात्रीच गेली किंवा नंतर लातूर-सोलापूरकडे पांगली. दोघींचे म्हणणे एकमेकींसमोर घालण्याचे माझ्या जिवावर आले, म्हणून ते तसेच राहू दिले आहे.

दुसरी गोष्ट गोदाकाठ काकांच्या सांगण्यावरून केली. मुलीची जन्मवेळ विचारली. दवाखान्याच्या कागदावर १४ फेब्रुवारी, पहाटे ४ वाजून ३० मिनिटे अशी नोंद आहे. म्हणजे भावाला सूर्योदयाचा नियम लावायचा असेल तर मुलीलाही लावावा लागेल. मग तिची तारीख १३ होते, मूलांक ४ आणि दुधना सरांच्या हिशेबाने भाग्यांकही ४. आम्हाला "२ आणि ५" सांगून धीर देणाऱ्या लातूरच्या अंकशास्त्रींना मी हे फोनवर विचारले. चंद्र आणि राहू समोरासमोर आलेले पाहून ते जरा थांबले आणि मग म्हणाले की मुलीचा जन्म दवाखान्यात झाला आहे, तेथे घड्याळ असते, म्हणून तिला इंग्रजी तारीखच लागू होते.

दुधना

आणि सपरात घड्याळ असते तर?

तेरणाकाठ

तेच विचारणार होतो, पण तोवर त्यांनी दुसरा फोन आल्याचे सांगितले. वडील गुरुवारी पाहुण्यांकडे जाणार आहेत. सोबत मी तिन्ही तारखा एका कागदावर लिहून दिल्या आहेत.